ऊसतोडीचा हिशेब: काट्याच्या पावतीपासून उचल फिटेपर्यंत

मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळ्यांचे हिशेब सुरू होतात आणि दरवर्षी तोच घोळ होतो. मुकादमाच्या वहीत एक आकडा, कोयत्याच्या म्हणजे तोडणाऱ्या जोडप्याच्या डोक्यात दुसरा, आणि पुरावा कोणाकडेच नाही. चार-पाच महिने फडात राबलेलं जोडपं "एवढी उचल अजून फिरलेली", म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांतली एवढी बाकी राहिली, हे ऐकून गाडीत बसतं. हिशेब शेवटच्या दिवशी चुकत नाही. तो पहिल्या आठवड्यात चुकतो, फक्त कळतो शेवटी. म्हणून खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा.

हे मार्गदर्शन ट्रॅक्टर-ट्रॉलीवर काम करणाऱ्या टोळीसाठी आहे, कारण कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागलच्या भागात हीच पद्धत जास्त दिसते. वाहनमालक कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार करतो, मुकादमाला उचल देतो, मुकादम ती कोयत्यांना वाटतो. पैसा तीन हातांतून येतो, त्यामुळे कापायच्या जागाही तीन असतात. बैलगाडीच्या टोळीला यातल्या दुसरी ते पाचवी या पायऱ्या जशाच्या तशा लागू पडतात.

१. उचल घेण्याआधी: चार गोष्टी लिहून घ्या

पहिली गोष्ट दर. राज्य साखर संघ आणि ऊसतोड संघटनांमध्ये जानेवारी २०२४ मध्ये जो करार झाला, त्यात तोडणी दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाचा मूळ दर २७३ रुपयांवरून ३६६ च्या आसपास गेला. या लेखात मी सगळीकडे ३६६ धरला आहे. तुमच्या हंगामाला आणि तुमच्या वाहनाच्या प्रकाराला कोणता दर लागतो हे मुकादमाला विचारू नका, कारखान्याच्या शेती विभागात विचारा. फडावर येणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, चिटबॉयला विचारलं तरी तो सांगतो. आकडा तारखेसह वहीच्या पहिल्या पानावर उतरवा.

दुसरी गोष्ट, त्या दरात काय काय आलं. तोडणे, पाला काढणे, मोळी बांधणे आणि ट्रॉली भरणे हे सगळं टनाच्या दरात धरलं जातं. पण ट्रॉली फडात उतरत नसेल तर? नदीकाठच्या काळ्या रानात नोव्हेंबरात ओल हटत नाही, ट्रॅक्टर रस्त्यावरच उभा राहतो, आणि मोळ्या डोक्यावरून बांधापर्यंत आणाव्या लागतात. अशा फडाला जादा काय मिळणार हे तोडीला बसायच्या आधी ठरवा. फड अर्धा पडल्यावर ही बोलणी होत नाहीत, भांडण होतं.

तिसरी गोष्ट, मुकादमाचं कमिशन. ते तोडणीच्या बिलावर टक्केवारीने, मजुरीच्या वर मिळायचं असतं. कोयत्याच्या टनातून ते कापायचं नसतं. "कमिशन मजुरीतून कापणार नाही" हे एक वाक्य चिठ्ठीत असलं की पुढचे निम्मे वाद मिटतात.

चौथी गोष्ट उचल: किती, कोणत्या तारखेला, रोख की खात्यावर. आणि कोणाच्या नावावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, पण चिठ्ठीवर नाव असतं एकट्या नवऱ्याचं. दोघांची नावं घाला. पुढे तक्रार करायची वेळ आली तर बाईने काम केलं हे सिद्ध करायला तेवढाच कागद असतो. गावाकडून निघताना ग्रामपंचायतीतून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्रही काढून आणा.

> सावध: उचलीच्या बदल्यात कोरा चेक किंवा कोरा स्टॅम्प देऊ नका. द्यावाच लागला तर रक्कम आणि तारीख भरून द्या, चेकचा नंबर चिठ्ठीत लिहा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. उचल फिटल्यावरही तो चेक दुसऱ्याच्या हाती जाऊन बँकेत पडल्याची प्रकरणं कोर्टात येतात.

२. रोजची वही: आधी हजेरी, मग टन

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. टोळीचे लोक पावत्या जपतात, पण हजेरी लिहीत नाहीत. ट्रॉलीत सगळ्यांचा ऊस एकत्र पडतो. कोणाच्या मोळ्या किती हे काटा सांगत नाही. त्या दिवशी फडात किती कोयते होते हे ठाऊक नसेल तर पावतीवरच्या वजनाची वाटणीच करता येत नाही.

एक साधी शंभर पानी वही घ्या. प्रत्येक दिवसाला एक ओळ: तारीख, शेतकऱ्याचं नाव, हजर कोयते, अर्धे कोयते, खेपा, प्रत्येक खेपेचं निव्वळ वजन, तोड सुरू झाल्याची वेळ, शेवटची ट्रॉली भरून झाल्याची वेळ. एकटा माणूस आला असेल तर तो अर्धा कोयता. बाई आजारी असून माणूस एकटा आला, तरी तो अर्धाच.

वही टोळीतल्या लिहिता येणाऱ्या कोणीही ठेवावी, फक्त मुकादमाने नको. रोज संध्याकाळी कोपीवर, म्हणजे राहत्या झोपडीवर, तिचा फोटो काढून दोघा-तिघांच्या मोबाईलवर पाठवा. नंतर कोणी पान फाडलं किंवा आकडा खोडला तरी फोटो राहतो.

> तपासणी: दर रविवारी वहीतल्या खेपा आणि हातातल्या पावत्या मोजा. आकडा सारखा हवा. एक पावती कमी असेल तर त्याच आठवड्यात ड्रायव्हरकडून मागा. फेब्रुवारीत डिसेंबरची पावती कोणी शोधून देत नाही.

३. पावती वाचा: निव्वळ वजनावर थांबू नका

काट्याच्या पावतीवर तीन वजनं असतात: भरलेल्या गाडीचं, रिकाम्या गाडीचं आणि दोन्हींतला फरक म्हणजे निव्वळ. बहुतेक जण फक्त शेवटचा आकडा पाहतात. खरी माहिती मधल्या आकड्यात असते.

तोच ट्रॅक्टर, त्याच दोन ट्रॉल्या, तर रिकामं वजन रोज जवळपास सारखंच यायला हवं. डिझेलमुळे थोडं मागंपुढं होतं, पण किती? साठ लिटरची टाकी पूर्ण भरली तरी वजन पन्नासेक किलोने वाढतं. चाकाची आणि ट्रॉलीतली माती धरली तरी एक-दोन क्विंटलच्या वर फरक पडू नये. एखाद्या दिवशी रिकामं वजन अर्ध्या टनाने जास्त दिसलं, तर त्या खेपेतला तुमचा अर्धा टन गेला. म्हणजे ३६६ च्या दराने १८३ रुपये, एकाच खेपेत. रिकाम्या वजनाची वहीत वेगळी रांग ठेवा. आठ-दहा खेपांनंतर वेगळा आकडा आपोआप नजरेत भरतो.

दुसरा पडताळा शेतकऱ्याकडे असतो. बऱ्याच कारखान्यांकडून वजनाचा मेसेज शेतकऱ्याच्या मोबाईलवर जातो. त्याचा आणि तुमचा इथे स्वार्थ एकच आहे, काटा मारला तर दोघांचंही नुकसान. फड संपायच्या दिवशी त्याच्याकडून मेसेज पाहून घ्या आणि पावतीशी जुळवा. मेसेजमध्ये एक वजन आणि मुकादमाने दाखवलेल्या चिठ्ठीवर दुसरं, असं निघालं तर गफलत काट्यावर नाही, वाटेत झालेली आहे.

पावतीत वजनातून बांधणी किंवा पाल्याची वजावट दाखवली असेल तर ती किती आणि कोणत्या नियमाने हे शेती विभागात विचारा. सगळ्या खेपांना एकच प्रमाण असलं तर निदान समजू शकतं. खेपेगणिक बदलत असेल तर लेखी कारण मागा.

४. वाटणी दिवसाची करा, पंधरवड्याची नाही

दहा कोयत्यांची टोळी घ्या. सोमवारी दहाही हजर, दोन्ही ट्रॉल्या मिळून निव्वळ १८.४ टन. प्रत्येक कोयत्याला १.८४ टन. मंगळवारी दोन कोयते आले नाहीत, आठ जणांनी १५.२ टन भरले. हजर असलेल्याला १.९ टन. म्हणजे दोन्ही दिवस आलेल्या कोयत्याचे ३.७४ टन झाले आणि मंगळवारी न आलेल्याचे १.८४.

आता मुकादम काय करतो बघा. तो दोन दिवसांचे ३३.६ टन एकत्र करून दहाने भागतो आणि प्रत्येकाच्या नावावर ३.३६ टन लावतो. हजर असलेल्याचे ०.३८ टन, म्हणजे १३९ रुपये, गेले. ते न आलेल्याच्या नावावर चढले. मग मुकादम म्हणतो, "ह्यांनी खाडा केलाय, पाचशे रुपये दंड," आणि तो दंड त्याच्या खिशात जातो. ज्यांच्या अंगावर जादा काम पडलं त्यांना त्यातला एक रुपयाही मिळत नाही.

रोजच्या रोज वाटणी केली तर हा प्रश्नच उरत नाही. मंगळवारी न आलेल्या कोयत्याला १.९ टनांचे ६९५ रुपये मिळालेच नाहीत. त्याचं नुकसान तिथेच झालं. त्याच्यावर आणखी पाचशेचा खाडा लावणं म्हणजे एका सुट्टीची दोनदा वसुली. बाईच्या आजारपणात किंवा बाळंतपणात लावलेला खाडा तर मला कोणत्याही हिशेबात पटत नाही, आणि टोळीने तो पहिल्याच बैठकीत नाकारावा.

> सावध: "टोळीचा नियम आहे" असं सांगून खाडा लावला जात असेल, तर दंडाचे पैसे कोणाच्या नावावर जमा झाले एवढंच विचारा. हजर कोयत्यांत वाटले असतील तर तो टोळीचा नियम. मुकादमाच्या वहीत राहिले असतील तर ती कपात.

५. टनाचा रोज काढा

दर ३६६ आहे हे कळून मजुरी रास्त आहे की नाही ते कळत नाही. टनाला माणसं किती लागली आणि तास किती गेले, हे धरल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

सोमवारचाच दिवस घेऊ. एका कोयत्याला १.८४ टन, म्हणजे ६७३ रुपये. हे दोघांचे आहेत. एका माणसाला ३३६ च्या आसपास. पहाटे सहाला तोड सुरू, दुपारी तीनला संपली, मध्ये जेवणाचा तास: आठ तास. ट्रॉली पाचला येणार होती, ती कारखान्याच्या रांगेत अडकली आणि रात्री दहाला आली. भरायला बारा वाजले: आणखी दोन तास. नुसते कामाचे दहा तास धरले तर तासाला ३३ रुपये पडतात. पाच ते दहा फडाच्या कडेला बसून काढलेले पाच तासही धरले तर २२. ते धरायलाच हवेत असं माझं मत आहे, कारण त्या वेळेत तुम्हाला दुसरं काही करता येत नव्हतं.

आता त्याच गावात भांगलणीला जाणाऱ्या बाईचा रोज विचारा. समजा ३०० रुपये, अकरा ते सहा, मध्ये तासाची सुट्टी. तासाला ५० झाले. दिवसाचा आकडा ऊसतोडीचा मोठा दिसतो आणि तासाचा लहान. ही तुलना महिन्यातून दोन-तीनदा तरी करा, आणि वेगवेगळ्या फडांत करा. आडसालीचा उभा, जाड ८६०३२ जातीचा ऊस असेल तर टन लवकर भरतो. पडलेला, गुंतलेला किंवा बारीक खोडवा असेल तर तेवढ्याच टनाला दीड दिवस जातो आणि दर मात्र तोच. खोडव्याच्या दिवसाचा तासाचा आकडा वहीत लिहिलेला असेल तर पुढच्या वर्षी बोलणी करताना तो समोर ठेवता येतो. काम उक्तं आहे म्हणून किमान वेतनाखाली उतरायची मुभा कोणाला मिळत नाही. कामाच्या मापाने मजुरी असली तरी तेवढ्या वेळाचं किमान वेतन पडायलाच हवं. शेतीकामाचा चालू किमान दर सहायक कामगार आयुक्त कार्यालयात मिळतो.

चौदा वर्षांखालचा पोरगा मोळ्या वाहत असेल तर त्याचे तास धरून आकडा आणखी खाली येतो. शिवाय वेगळीच कायदेशीर भानगड मागे लागते. त्याला साखरशाळेत किंवा गावातल्या शाळेत घाला.

वाढ्याचे आणि खुशालीचे पैसे मजुरीत मिसळू नका. वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे विकून चार पैसे येतात ते कोयत्याचे. खुशाली म्हणजे शेतकऱ्याकडून वरून घेतलेले पैसे; ती तर त्याला नकोशीच असते आणि ती टोळीपर्यंत पोचतेच असं नाही. "वरचं मिळतंय की" असं म्हणून टनाचा दर पाडला जात असेल तर ते मान्य करू नका.

६. पंधरवड्याचा हिशेब: तीन आकडे, चौथा नाही

कारखान्याचं बिल साधारण पंधरा दिवसांनी निघतं. त्याच दिवशी तुमचाही हिशेब लिहा. त्यात तीनच गोष्टी येतात: मागची बाकी, घेतलेली खर्ची, झालेली मजुरी.

एका कोयत्याचं उदाहरण. उचल ८०,००० रुपये. पहिल्या पंधरवड्यात २३.४ टन झाले, ३६६ ने मजुरी ८,५६४ रुपये ४० पैसे. दोन आठवड्यांची खर्ची दीड-दीड हजार, एकूण ३,०००. बाकी किती? ८०,००० अधिक ३,००० वजा ८,५६४.४०, म्हणजे ७४,४३५ रुपये ६० पैसे.

मुकादमाच्या वहीत हाच कोयता ७६,९४८ रुपयांना उभा आहे. फरक २,५१२ रुपये ८८ पैसे. शोधल्यावर तो तीन ठिकाणी सापडतो. मजुरीतून २० टक्के कमिशन कापलं: १,७१२.८८. एक खाडा: ५००. ट्रॉलीचे दोर आणि "डिझेलचा हिस्सा": ३००. यातला एकही आकडा कोयत्याच्या नावावर पडायला नको. कमिशन वरून येतं, खाड्याचं आपण पाहिलं, आणि दोर-डिझेल हा वाहनाचा खर्च आहे. आठ पंधरवडे हेच चाललं तर वीस हजारांवर रक्कम होते. पट्टा पडताना "एवढी फिरली" म्हणून सांगितलेली रक्कम बहुतेकदा अशीच साचलेली असते.

आणखी एक बाजू बघा. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्यात एका पगार मुदतीत सगळ्या वजावटी मिळून मजुरीच्या निम्म्यापेक्षा जास्त करता येत नाहीत. वरच्या उदाहरणात निम्मे म्हणजे ४,२८२ रुपये कोयत्याच्या हातात यायला हवेत, आले ३,०००. काही जोडप्यांना उचल लवकर फेडायची असते आणि ती स्वतःहून कमी खर्ची घेतात. ते चालेल, पण ते तुम्ही ठरवायचं. पोरं आजारी असताना "खर्ची मिळणार नाही, आधी उचल फेड" असं कोणी म्हणालं तर हा निम्म्याचा नियम त्याला सांगा.

> तपासणी: प्रत्येक पंधरवड्याच्या आकड्याखाली मुकादमाची सही घ्या. सही देत नसेल तर तोच हिशेब त्याला व्हॉट्सॲपवर पाठवा. त्याने "बरोबर नाही" असं लिहिलं नाही तरी तारखेसह नोंद राहते. उचलीवर व्याज लावलं असेल तर ते वेगळ्या ओळीत लिहायला लावा. बाकीत मिसळलेलं व्याज नंतर ओळखता येत नाही.

७. पट्टा पडल्यावर: कागद हातात आल्याशिवाय गाडीत बसू नका

शेवटच्या पंधरवड्याचा हिशेब कारखान्याचं शेवटचं बिल पाहूनच करा, अंदाजाने नको. सगळ्या पंधरवड्यांच्या टनांची बेरीज करा आणि टोळीच्या एकूण टनांशी जुळवा. सगळ्या कोयत्यांचे टन मिळून कारखान्याच्या आकड्याएवढे व्हायला हवेत. कमी भरले तर मधले टन कोणाच्या तरी नावावर गेले आहेत. कधीकधी मुकादमाने कागदावर एक जादा कोयता उभा केलेला असतो, जो फडात कधी आलाच नाही. रोजच्या हजेरीची वही असेल तर हा भुताचा कोयता लगेच उघडा पडतो.

उचल फिटली असेल तर "बाकी नाही" असं लिहून, सही घेऊन, चेक आणि स्टॅम्प परत घ्या. बाकी राहिली असेल तर किती हे दोघांच्या सहीने लिहा. त्याशिवाय पुढच्या हंगामाची नवीन उचल घेऊ नका. जुनी बाकी नव्या उचलीत मिसळली की दोन्ही हंगामांचे हिशेब कायमचे गेले.

> सावध: बाकी राहिली म्हणून माणसाला, बाईला किंवा पोराला थांबवून ठेवणं, बैल किंवा कागदपत्रं अडकवणं हा वेठबिगार निर्मूलन कायदा, १९७६ खाली गुन्हा आहे. असं झालं तर हिशेबाचा वाद घालत बसू नका. ११२ वर फोन करा आणि तहसीलदाराला कळवा. पैशाचं नंतर बघता येतं.

८. जुळलं नाही तर: कोणाकडे, कोणत्या क्रमाने

आधी कारखान्याच्या शेती विभागाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मुकादम आणि वाहनमालक दोघंही त्यांच्या करारात बांधलेले असतात, त्यांचं डिपॉझिट कारखान्याकडे असतं. ते शेवटचं डिपॉझिट सुटायच्या आत अर्ज गेला तर वजन येतं, नंतर उरत नाही. म्हणून पट्टा पडायच्या आधीच अर्ज द्या.

वजनाचीच तक्रार असेल तर ती वैध मापन शास्त्र विभागाकडे जाते. त्यांना रिकाम्या वजनाच्या रांगेची तुमची यादी आणि पावत्यांच्या झेरॉक्स द्या. "काटा मारतात" एवढ्या तोंडी तक्रारीवर तपासणी करणं त्यांनाही अवघड जातं.

मजुरी कमी मिळाल्याची तक्रार कोल्हापूरच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात द्या. वेतन संहितेत अशा दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे गावी परत गेल्यावरही दार बंद होत नाही. वकील लागला तर कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे अर्ज कोयत्यातल्या बाईच्या नावाने केला तर सोयीचं पडतं, आणि म्हणूनच पहिल्या चिठ्ठीवर तिचं नाव हवं. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा नंबर आहे.

अर्जाला वहीच्या पानांचे फोटो, पावत्या, उचलीची चिठ्ठी आणि पंधरवड्याचे हिशेब एवढंच जोडा. मूळ पावत्या कोणाच्याही हातात देऊ नका. झेरॉक्स द्या आणि मूळ पावत्या दाखवून परत घ्या.